मांडव, खांब आणि अंतर : शेताच्या फोटोवरून मुलूख कसा ओळखावा



सैन्यात नकाशावाचन शिकवताना पहिल्याच दिवशी सांगतात की जमिनीवर जे दिसतं त्याला काहीतरी कारण असतं. ओढ्याच्या वळणाला असतं, तसंच बांधावरच्या झाडालाही. निवृत्तीनंतर फोटोवरून जागा ओळखण्याचा नाद मला लागला, तेव्हा ही सवय सगळ्यात जास्त कामी आली ती शेतांच्या फोटोंत. या फोटोंत पाटी नसते, दुकान नसतं, गाडीची नंबरप्लेटही नसते. नुसत्या वेली किंवा झाडांच्या रांगा असतात. मात्र त्या रांगा शेतकऱ्याने उगाच तशा लावलेल्या नसतात. पाणी किती, वारा किती आणि खांबाला गावात स्वस्त काय मिळतं, या तीन गोष्टींनी त्या ठरतात. आज द्राक्षबागा आणि ऑलिव्हच्या बागा याच नजरेने पाहू.

द्राक्षांपासून सुरुवात करतो, कारण नाशिक, सांगलीमुळे आपल्याला मांडव ठाऊक आहे. युरोपातली द्राक्षबाग म्हटलं की कमरेइतक्या उंचीच्या, तारांवर बांधलेल्या सरळ रांगा डोळ्यासमोर येतात. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेदोक भागात त्या असतातच. तिथे ओळींत सुमारे एक मीटर आणि वेलींतही साधारण तेवढंच अंतर, म्हणजे हेक्टरी दहा हजारांच्या आसपास वेली. पण अशी तारेची उभी ताटी आता जगभर पोचली आहे. यंत्राने काम करायला ती सोपी, म्हणून चिलीपासून चीनपर्यंत सगळीकडे दिसते. त्यामुळे नुसती ताटी पाहून फ्रान्स म्हणू नये. ओळख पटते ती जुन्या, स्थानिक पद्धतींवरून.

यातल्या काही पद्धती एका नजरेत ओळखू येतात. जर्मनीच्या मोझेल खोऱ्यात पाटीच्या दगडाचे अतिशय तीव्र उतार आहेत. तिथे जुन्या बागांत प्रत्येक वेलीला स्वतंत्र उभा खांब असतो आणि फांद्या वाकवून बदामाच्या आकारात बांधतात. ओळीत तारा नसल्यामुळे मजुराला उतारावर आडवंही जाता येतं. स्पेनच्या ला मांचा पठारावर खांबही नाही आणि तारही नाही. कोरड्या जमिनीवर अडीच मीटरच्या आसपास अंतराने गुडघाभर उंचीची झुडपं उभी असतात. पाऊस कमी, म्हणून प्रत्येक वेलीला जमीन जास्त. स्पेनमध्ये 1996 पर्यंत द्राक्षांना पाणी देण्यावर कायद्याचेच निर्बंध होते. ते उठल्यावर तिथेही ठिबक आणि तारा आल्या. म्हणून ला मांचात आज ताटी दिसली तर नवल नाही, पण झुडपांची चौकट दिसली तर जुनं पठार नजरेसमोर आणावं. कॅनरी बेटांतल्या लान्सारोतेवर तर प्रत्येक वेल काळ्या ज्वालामुखी राखेतल्या खड्ड्यात असते आणि वाऱ्याच्या बाजूला अर्धगोल दगडी भिंत असते. ते चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही.

खरी गंमत मांडवात आहे. डोक्यावर पसरलेला वेलींचा मांडव नाशिकमध्ये आहे, इटलीत आहे, अर्जेंटिनात मेंडोसाला आहे आणि जपानच्या यामानाशीतही आहे. मग ओळखायचं कसं? मांडव कशासाठी घातला, हे आधी विचारा. कोरड्या, कडक उन्हाच्या मुलखात पानांची सावली घडांवर पडावी म्हणून मांडव घालतात. दमट मुलखात उलट कारण असतं. घड जमिनीपासून वर राहावेत, खालून वारा खेळावा आणि डाऊनी-भुरीसारखे रोग कमी पडावेत. म्हणून नजर आधी मांडवाखाली टाका. खाली उघडी माती, पाण्याचे पाट किंवा ठिबकची नळी असेल तर कोरडा मुलूख. खाली दाट हिरवं गवत असेल आणि दगडावर शेवाळ असेल तर दमट.

त्यानंतर मांडवाचा आकार पाहा. उत्तर इटलीत त्रेंतिनोला तो सपाट नसतो. खांबापासून वर तिरका जातो, पक्ष्याने पंख उचलावा तसा. मध्य इटलीच्या आब्रुत्सोत मात्र तो तंबूच्या छतासारखा सपाट आणि चौफेर असतो. शेवटी खांब पाहा, कारण लांबून खांब आणणं कोणालाच परवडत नाही. खांब गावचा दगड बोलून दाखवतो.

आता एक फोटो पायरी-पायरीने सोडवू. समजा समोर असं चित्र आहे. माणसाच्या उंचीपेक्षा थोडा वर सपाट मांडव. खांब राखाडी, ओबडधोबड कापलेल्या ग्रॅनाइटचे. खाली ओलं गवत. मागे त्याच दगडाचं घर आणि टेकडीवर निलगिरी. एका कोपऱ्यात दगडी पायांवर उभं असलेलं लांबट, अरुंद धान्याचं कोठार.

गवत ओलं आहे, म्हणून हा दमट मुलूख, आणि मांडव हवेसाठी. मेंडोसा आणि नाशिक इथेच बाद. सपाट आहे, म्हणून त्रेंतिनो बाद. खांब ग्रॅनाइटचे आहेत. जिथे ग्रॅनाइट मुबलक आहे आणि पावसात लाकूड लवकर कुजतं तिथेच असे खांब परवडतात. द्राक्षांच्या मुलखात ही जोडी ठळकपणे जमते ती इबेरियाच्या वायव्य कोपऱ्यात. वर स्पेनचा गालिसिया, खाली पोर्तुगालचा मिन्यो. अटलांटिकवरचे ढग इथे अडतात आणि पाऊस दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. निलगिरी दोन्हीकडे आहे, तिचा विरोध नाही.

आता स्पेन की पोर्तुगाल? अनेक जण कोठार पाहून लगेच स्पेन म्हणतात. तिथे सावध राहा. गालिसियात त्याला ओर्रेओ म्हणतात, पण मिन्योतही तसंच दगडी कोठार असतं, त्याचं नाव एश्पिगेरु. पोर्तुगालमधल्या सोआजो आणि लिंदोसो या गावांत तर त्यांचे समूहच्या समूह उभे आहेत. म्हणजे कोठाराने प्रदेश पक्का होतो, देश नाही.

त्यापेक्षा मांडवाची जागा पाहा. गालिसियाच्या रियास बाइशास भागात अल्बारिन्यो जातीची द्राक्षं आहेत. तिथे बहुधा अख्खा तुकडाच मांडवाखाली असतो. मिन्योच्या जुन्या पद्धतीत वेली शेताच्या कडेला असतात. बांधावर मांडव आणि मधल्या जमिनीत मका किंवा भाजी, कारण थोडक्या जमिनीत घराला धान्यही पिकवायचं होतं. कुठे कुठे वेल बांधावरच्या उंच झाडांवरही चढवलेली दिसते. आपल्या फोटोत मांडव सगळ्या तुकड्यावर आहे, म्हणून पारडं गालिसियाकडे झुकतं.

झुकतं म्हणालो, ठरलं म्हणालो नाही. मिन्यो नदी ही दोन देशांची सीमा आहे. तिच्या दक्षिण काठावर, पोर्तुगालच्या मोन्साओ आणि मेल्गासो भागातही तीच द्राक्षं आहेत, फक्त नाव आल्वारिन्यो. नदीला लागून असलेल्या पट्ट्यात वेलींवरून देश सांगता येत नाही. प्रामाणिक उत्तर असं : मिन्यो नदीचं खालचं खोरं किंवा त्याच्या उत्तरेचा किनारा, स्पेनची शक्यता जास्त. पुढचं काम उपग्रह चित्राचं. उन्हाळ्यात असा मांडव वरून हिरव्या सतरंजीसारखा सलग दिसतो, त्यात ओळी दिसत नाहीत. हिवाळ्यातल्या चित्रात खांबांची जाळी उघडी पडते. फोटोतल्या घराचा, रस्त्याच्या वळणाचा आणि त्या सतरंजीचा मेळ बसला की मगच जागेवर बोट ठेवा.

आता ऑलिव्ह. इथे खांब नाही, म्हणून मुख्य पुरावा दोन झाडांतल्या अंतराचा. मोजायची पद्धत साधी आहे. उपग्रह नकाशात मोजपट्टी घ्या, एका ओळीतली दहा झाडं धरा, पहिल्या खोडापासून दहाव्यापर्यंत मोजा आणि नऊने भागा. दहाने नव्हे, कारण दहा झाडांत नऊच अंतरं असतात.

ट्युनिशियातल्या स्फाक्सभोवती हे अंतर 24 मीटर निघतं. हेक्टरी जेमतेम 17 झाडं, आपल्या हिशोबाने एकरी सात. पाऊस वर्षाला 200 मिलिमीटरच्या आसपास, म्हणून प्रत्येक झाडाच्या मुळांना एवढी वाळूमिश्रित जमीन मोकळी सोडलेली. वरून पाहिलं तर फिकट कापडावर आखून मारलेले ठिपके वाटतात. स्पेनच्या हाएन प्रांतात पाऊस याहून बराच जास्त, म्हणून अंतर 10 ते 12 मीटर आणि टेकड्यांमागून टेकड्या फक्त ऑलिव्हच्या. तिथे जमिनीवरून काढलेल्या फोटोत आणखी एक खूण सापडते. जुन्या बागांत एका जागी एक खोड नसतं, दोन-तीन असतात. लागवडीच्या वेळी एका खड्ड्यात अनेक कलमं लावण्याची तिथली रीत होती. इटलीच्या टाचेवरच्या पुलियात उलट चित्र : लाल माती, दगडी गडगे आणि पिळवटलेलं एकच अवाढव्य खोड. त्याच पुलियाच्या दक्षिणेला, सालेन्तोत, झाडं राखाडी, वाळलेली दिसली तर फोटो 2013 नंतरचा असण्याची शक्यता मोठी. तिथे झायलेला जिवाणूचा रोग त्याच वर्षी उघडकीला आला.

या खुणेतही एक फसगत आहे. टस्कनीतही बुंध्यापासून अनेक खोडं आलेली झाडं भरपूर आहेत. कारण वेगळं. जानेवारी 1985 च्या कडाक्याच्या थंडीत तिथली झाडं जमिनीपर्यंत मेली आणि मुळाजवळून पुन्हा फुटली. म्हणून खोडं मोजून थांबू नका. भोवती काय आहे पाहा. नजर पोचेल तिथवर ऑलिव्हच असेल तर हाएन. मध्येच द्राक्षाच्या ओळी, सुरूसारख्या सायप्रसची रांग आणि जंगलाचा तुकडा असेल तर टस्कनी.

जिथे ही रीत चालत नाही, तेही सांगतो. चार मीटरवर ओळी आणि ओळीत दीड मीटरवर ऑलिव्ह, अशा कुंपणासारख्या नव्या बागा पोर्तुगालच्या आलेंतेजोत आहेत, स्पेनमध्ये आहेत आणि कॅलिफोर्नियातही आहेत. सफरचंदाचंही तेच झालं आहे. काश्मीरमध्ये जुन्या बागांत पसरलेली मोठी झाडं लांब लांब असतात, मागे पॉप्लर आणि खाली भातशेती. पण आता तिथेही तारांवर बांधलेली बुटकी, दाट झाडं येत आहेत. ती उत्तर इटलीच्या दक्षिण तिरोलमधल्या बागांसारखीच दिसतात. ठिबकने पावसाचा हिशोब पुसला आणि कारखान्यातल्या खांबाने दगडाचा. अशा बागेवरून प्रदेश सांगू नये. डोंगराची रेघ, छपरं आणि विजेचे खांब यांच्याकडे वळावं.

तेव्हा पुढचा फोटो आला की याच क्रमाने जा. आधी जमीन ओली की कोरडी, मग मांडवाचा आकार किंवा झाडांतलं अंतर, मग खांब आणि खोड, आणि शेवटी भोवतालचं शेत. प्रत्येक पायरीला काय बाद झालं ते कागदावर लिहा. उत्तर देताना किती किलोमीटरची खात्री आहे, तेही लिहा.