नीचभंग आणि राजयोग

पत्रिकेत नीच ग्रह दिसला की आईबाप हवालदिल होतात आणि ‘नीचभंग आहे’ म्हटले की लगेच राजयोगाचे पेढे वाटतात. दोन्हींत घाई आहे.

मंत्रेश्वराच्या ‘फलदीपिके’तला एक नियम असा, की नीच ग्रह ज्या राशीत असेल तिचा स्वामी लग्नापासून किंवा चंद्रापासून केंद्रात असला, तर नीचत्व भंगते आणि जातक राजा होतो. आता 5 डिसेंबर 1999 हा दिवस घ्या. शनी मेषेत, म्हणजे नीचेचा. मेषेचा स्वामी मंगळ मकरेत. चंद्र दिवसभर तुळेत. तुळेपासून मकर चौथी, म्हणजे केंद्र! तेव्हा त्या दिवशी नागपुरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा नीचभंग झालाच. इतके राजे ठेवायचे कुठे?

म्हणून जाणता ज्योतिषी पुढे लग्नाकडे पाहतो. सूर्योदयी जन्मलेल्याचे लग्न वृश्चिक. त्याचा शनी षष्ठात, मंगळ तृतीयात. दोष फिटला, पण राज्य देणारे काही उरत नाही. रात्री साडेनवाला जन्मलेल्याचे लग्न कर्क. त्याला मंगळ पंचम आणि दशम या दोन्ही स्थानांचा स्वामी, तोच सप्तमात उच्चीचा, आणि दशमातल्या शनीशी त्याची राशींची अदलाबदल. शास्त्राच्या भाषेत राजयोग म्हणायचा तो इथे. तोही मंगळाच्या किंवा शनीच्या महादशेत फळणारा.

हे सारे ग्रंथांचे म्हणणे झाले. त्या रात्रीची कर्क लग्नाची मुले आज काय करतात, याची मोजदाद मात्र ग्रंथ करीत नाहीत. ती आपण करायची.