वादळाचं घड्याळ आणि बुकिंगचं घड्याळ

आजचा विषय कोकण ट्रिपचा, पण मासे कुठे चांगले मिळतात याचा नाही. वादळाच्या दिवसांत समुद्रावर जायचं ठरवलंत, तर बुकिंग कसं करायचं आणि निघायचं कधी, यावर बोलूया.

आपल्याकडे चक्रीवादळांचे मोसम दोन. एक एप्रिल ते जून आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे नेमकी मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी! दुसरा मोसम लोक विसरतात. पण 'फयान' आलं होतं ते 11 नोव्हेंबर 2009 ला.

आता 'निसर्ग' वादळ आठवा. तेव्हा लॉकडाऊन होता, त्यामुळे पर्यटक नव्हतेच. तरी त्याचं वेळापत्रक आपल्याला बरंच शिकवतं. 1 जून 2020 ला पहाटे अरबी समुद्रात कमी दाबाचा तीव्र पट्टा तयार झाला. 2 जूनला दुपारच्या सुमारास त्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला 'निसर्ग' हे नाव मिळालं. 3 जूनला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं, ताशी 110 ते 120 किलोमीटरच्या वाऱ्यानं. म्हणजे नाव मिळाल्यापासून धडकेपर्यंत हातात होता जेमतेम एक दिवस.

आता समजा, तुमचं दिवेआगरला 3 जूनचं चेक-इन आहे, दुपारी बाराचं. बुकिंगवर लिहिलंय, '48 तास आधीपर्यंत फ्री कॅन्सलेशन'. ऐकायला छान वाटतं. पण ते 48 तास संपले 1 जूनला दुपारी बारा वाजता. तेव्हा वादळाला नावसुद्धा नव्हतं. आपण बहुतेकजण वादळाकडे लक्ष देतो ते त्याचं नाव बातम्यांत आल्यावर. म्हणजे तुम्ही जागे व्हाल, तेव्हा पैसे परत मिळायची मुदत उलटून गेलेली असेल. मग ग्रुपवर सुरू होतं, "अरे, ॲडव्हान्स दिलाय, जाऊन तर बघू." माणसं वादळात अडकतात ती अनेकदा अशी, दोन-तीन हजार रुपयांसाठी.

म्हणून मी या मोसमात दोन घड्याळं शेजारी ठेवून बघतो. एक वादळाचं, एक बुकिंगचं.

वादळाचं घड्याळ हवामान खात्याच्या इशाऱ्यांत असतं. पहिली सूचना साधारण 72 तास आधी येते, ती फक्त 'लक्ष ठेवा' म्हणते. दुसरी निदान 48 तास आधी आणि तिसरी निदान 24 तास आधी. यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. 48 आणि 24 हे तास मोजतात ते किनाऱ्यावर हवा बिघडायला लागेल तिथपासून, वादळ धडकण्याच्या वेळेपासून नाही. बातमीत 'उद्या दुपारी धडकणार' असं असतं, ती वेळ वादळाच्या केंद्राची. सोसाट्याचा वारा आणि पाऊस त्याच्या कितीतरी तास आधी येऊन पोचतात. त्यामुळे 'दुपारी येणार आहे, सकाळी निघू' हा हिशेब चुकतो.

नकाशा बघताना अजून एक. वादळाच्या मार्गाची मधली रेघ बघून 'आपल्या गावावरून जात नाही' असं ठरवू नका. रेघेच्या दोन्ही बाजूंना पसरत जाणारा पट्टा असतो. केंद्र त्या पट्ट्यात कुठेही सरकू शकतं आणि वारा तर पट्ट्याच्या बाहेरही लागतो. तुमचं गाव पट्ट्यात असेल, तर ते वादळाच्या वाटेवर आहे असंच धरा. हे सगळं mausam.imd.gov.in वर दिसतं. तिथे पत्रकाची वेळ आधी वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारा नकाशा अनेकदा कालचा असतो.

आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय असं गावात कानावर आलं, तर ते मासेमारांपुरतं समजू नका. बंदराला वादळी वाऱ्याचा धोका आहे, असा त्याचा अर्थ.

आता बुकिंगचं घड्याळ. कॅन्सलेशनची मुदत 24 तास किंवा त्याहून कमी असेल, तरच या मोसमात मी पूर्ण पैसे आधी भरतो. होमस्टे असेल तर सरळ फोन करतो. "काका, वादळाचा इशारा आला तर पैसे परत नकोत, तारीख पुढे ढकलून द्याल का?" बरेचजण हो म्हणतात, कारण त्यांनाही तेव्हा वाडी आणि घर सांभाळायचं असतं. फक्त हे बोलणं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि 'इशारा' म्हणजे कोणता तेही लिहा. 'जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट' असं स्पष्ट असलं की नंतर वाद होत नाही.

रेल्वेचं वेगळं. गाडी रेल्वेनंच रद्द केली तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप परत येतात. तुम्ही स्वतः रद्द केलंत तर चार्ज कापला जातो. पण तो चार्ज वाचवायला तिथेच वाट बघत बसू नका. जायचं तिकीट आहे तोवर वाट बघणं ठीक, परतीच्या तिकिटासाठी नाही.

आता बाहेर पडायचा रस्ता. दिवेआगरचंच घेऊ. मुंबईहून बरेचजण अलिबाग-मुरुड करत जातात आणि आगरदांड्याहून फेरीबोटीनं गाडीसकट दिघीला उतरतात. मजेदार रस्ता आहे, पण समुद्र खवळला की फेरी बंद. तसंच हरिहरेश्वरहून वेसवीला जाणाऱ्या बागमांडल्याच्या फेरीचं. म्हणजे आलात त्या वाटेनं परत जाता येणार नाही. तेव्हा तुमचा रस्ता एकच, म्हसळ्यावरून माणगाव आणि तिथून मुंबई-गोवा हायवे. पुणेकरांना माणगावहून ताम्हिणी घाट जवळचा वाटतो, पण घाटाला वेगळा इशारा असेल तर तो सोडा, दरडी येतात.

हा रस्ता पोचल्याच दिवशी ऑफलाइन मॅपमध्ये सेव्ह करा. टाकी भरून ठेवा. थोडी रोकड जवळ असू द्या, कारण वीज आणि टॉवर गेले की यूपीआय चालत नाही. 'निसर्ग'नंतर काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले होते. आणि रस्ते अडले होते ते मुख्यतः पडलेल्या झाडांनी आणि खांबांनी. म्हणून निघायचं ते आदल्या दिवशी, उजेड असताना.

समजा उशीर झालाच, वारा सुरू झाला, तर गाडी काढू नका. पत्र्याच्या किंवा कौलारू खोलीत असाल तर गावातल्या पक्क्या इमारतीत जा. बहुतेकदा शाळा असते, कुठली ते ग्रामपंचायतीत किंवा होमस्टेच्या काकूंना आधीच विचारून ठेवा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर 1077. आणि वारा एकदम थांबला तर फोटो काढायला बाहेर पडू नका. ते वादळाचं केंद्र असू शकतं. थोड्या वेळानं तोच वारा उलट्या दिशेनं येतो आणि आधी हललेली झाडं तेव्हा पडतात.

तर पुढची ट्रिप बुक करताना एवढंच करा. कॅन्सलेशनची शेवटची वेळ आणि परत निघायची शेवटची वेळ, दोन्ही ग्रुपवर पिन करा. मग वादळ आलं तर ॲडव्हान्सवरून वाद घालायची वेळ येणार नाही.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!