टायमर घड्याळ बघतो, टाकी बघत नाही

आमच्या गटाच्या शेडमध्ये संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलींचा अभ्यासवर्ग भरतो. मागच्या आठवड्यात मुलींनी विचारलं, "ताई, पुस्तकात फीडबॅक लिहिलंय, ते काय असतं?" मी त्यांना शेडवरच्या टाकीकडे घेऊन गेले.

टाकी 1000 लिटरची. आमची मोटर मिनिटाला 40 लिटर पाणी चढवते. म्हणजे रिकामी टाकी 25 मिनिटांत भरते. मग मोटरला 25 मिनिटांचा टायमर लावला की झालं, असं मुलींना वाटलं. मी म्हटलं, आज टाकीत आधीच 600 लिटर पाणी आहे, आता हिशोब करा. 25 मिनिटांत 1000 लिटर चढणार, त्यातलं 400 टाकीत मावणार आणि 600 लिटर अंगणात वाहणार. दुसऱ्या दिवशी वीज कमी दाबाची आली, मोटर मिनिटाला 25 लिटरच चढवायला लागली, तर टायमर 25 मिनिटांनी बंद होईल आणि रिकाम्या टाकीत 625 लिटरच पडेल. टायमरची चूक नाही. त्याला वेळ सांगितली होती, ती त्याने पाळली. टाकीत काय झालं, हे त्याला कळतच नाही.

आता टाकीत तरंगता गोळा सोडला, म्हणजे फ्लोट स्विच. पाणी वर आलं की गोळा उचलला जातो आणि मोटर बंद होते. वीज कमी असो की टाकी अर्धी भरलेली असो, पाणी काठाशी येईपर्यंत मोटर चालते. इथे कामाचा परिणामच मोटरला परत निरोप देतो. मोटर पाणी चढवते, पाणी गोळा उचलतं, गोळा मोटर थांबवतो. हा फेरा पूर्ण झाला. यालाच क्लोज्ड लूप फीडबॅक म्हणतात.

एका मुलीने छान विचारलं, "ताई, बादलीभर पाणी काढलं तरी गोळा खाली येईल. मग मोटर सारखी चालू-बंद होईल ना?" होईल, आणि त्याने मोटर लवकर खराब होईल. म्हणून गोळ्याची वायर थोडी लांब सोडतात. पाणी बरंच खाली गेल्यावर मोटर सुरू होते आणि वर आल्यावर बंद होते. मधल्या अंतरात जे चाललंय ते तसंच राहतं.

खोलीच्या हीटरचंही हेच. गेल्या हिवाळ्यात गटाने कोंबडीची पिल्लं आणली, तेव्हा खोलीत हीटर लावला आणि 10 मिनिटं चालू, 10 मिनिटं बंद असा टायमर ठेवला. दुपारी पिल्लं चोची उघडून भिंतीकडे पळायची, पहाटे हीटरखाली एकावर एक चढायची. बाहेरची थंडी टायमरला कुठून कळणार? मग थर्मोस्टॅट बसवला. 32 अंशाला हीटर सुरू, 34 ला बंद. तरीही पारा कधी 35 पर्यंत जायचा, कारण बंद केलेली कॉइलही थोडा वेळ गरम राहते. तेवढं धरूनच चालायचं.

पण एक चूक आमच्याकडून झाली. थर्मोस्टॅट आम्ही आपल्या डोक्याच्या उंचीवर टांगला. गरम हवा वर जाते. वर 34 अंश व्हायचे आणि हीटर बंद पडायचा, खाली जमिनीवर मात्र गारवा. एका रात्रीत सात पिल्लं चेंगरून गेली. दुसऱ्या दिवशी तो पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर आणला, हीटरच्या थेट झोतापासून बाजूला. त्यानंतर पिल्लं खोलीभर पसरून झोपू लागली. निरोप देणारा चुकीच्या जागी असेल, तर फेरा पूर्ण असूनही काम चुकतं.

आणि गोळ्याला टाकीच दिसते, विहीर दिसत नाही. विहीर आटली तर टाकी भरत नाही, गोळा उचलला जात नाही आणि मोटर कोरडी चालून जळते. इथे मात्र टायमर उपयोगी पडतो. आमची टाकी कमी विजेवरही 40 मिनिटांत भरते. म्हणून 45 मिनिटं झाली की मोटर बंद, असा टायमर गोळ्याच्या जोडीला लावा. रोजचं काम गोळा करेल, टायमर राखण करेल.

तुमच्याकडे फ्लोट असेल तर महिन्यातून एकदा मोटर चालू असताना कोरड्या काठीने गोळा वर उचलून बघा. मोटर थांबली नाही, तर गोळ्यात किंवा त्याच्या वायरीत बिघाड आहे. टाकीत हात घालू नका, आधी मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.