फ्रँकफुर्टचा फोन, मुंबईची वाट



माझा भाचा तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. पालघरबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, या एमआयडीसीचं नाव तारापूरचं असलं तरी ती आहे बोईसरला. खरं तारापूर गाव तिथून पुढे, चिंचणीच्या शेजारी. नाव एका गावाचं आणि मुक्काम दुसऱ्या गावात, ही गंमत ध्यानात ठेवा. आज आपल्याला ती मोबाइलमध्येही भेटणार आहे.

जून २०२४ मध्ये कंपनीनं भाच्याला जर्मनीत फ्रँकफुर्टला पाठवलं. रासायनिक कारखान्यांना लागणाऱ्या यंत्रसामग्रीचं अकेमा नावाचं मोठं प्रदर्शन तिथं भरतं. त्या वर्षी ते १० ते १४ जूनला होतं. निघताना त्यानं आपल्या नेहमीच्या सिमवर परदेशाचा रोमिंग पॅक मारला. विमानातून उतरला, फोन चालू झाला, आईला फोटो गेले. सगळं छान.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला त्याचा निरोप आला. “मामा, टॉवर फुल दिसतोय, पण बोईसरहून पाठवलेलं पंपाचं ड्रॉइंग काही उतरत नाही.” माझी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, त्यामुळे घरात कोणाचाही फोन बिघडला की खटला माझ्याकडेच येतो. मी एवढंच विचारलं, की रोज कधी अडतं आणि कधी सुटतं? तो म्हणाला, “सकाळी चांगलं चालतं. दुपारी जेवणाआधी मरतं. आणि काल रात्री बरोबर साडेआठला आपोआप सुरू झालं.”

साडेआठ ऐकलं आणि माझं निम्मं काम झालं. उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथं रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा आपल्याकडे मध्यरात्रीचे बारा. भाच्याच्या पॅकमध्ये रोजचा अर्धा जीबी वेगवान डेटा होता आणि पॅकचा दिवस भारतीय घड्याळानं बदलत होता. वाटा संपला की कंपनी नेट बंद करत नाही, नुसता गळा आवळते. जाहिरातीत ‘अमर्याद’ लिहिलेलं असतं. त्याच्या तळाशी, चष्मा लावूनच दिसेल अशा अक्षरांत, पुढचा वेग ६४ केबीपीएस असंही लिहिलेलं असतं.

हा ६४ आकडा म्हणजे नेमकं काय ते बघू. यातला बी म्हणजे बिट, आणि आपल्या फायली मोजल्या जातात बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला हातात पडतात फक्त आठ केबी. दोन एमबीचा एक फोटो जायला चार मिनिटं लागतात. पंपाचं ते ड्रॉइंग बारा एमबीचं होतं. त्याला पंचवीस मिनिटं, तेही मध्ये एकदाही तुटलं नाही तर. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता मजकूर जातो, म्हणून माणसाला वाटतं की नेट चालू आहे. नकाशा उघडला की मात्र करडे चौकोन दिसतात. टॉवरच्या दांड्या भरलेल्या असतात, कारण त्या रेडिओलहरींची ताकद दाखवतात. कंपनीनं नळ किती सोडलाय ते त्यांना कळत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. वेगाची चाचणी करा. दर वेळी, कुठेही उभे राहिलात तरी, आकडा ०.०६ एमबीपीएसच्या आसपास खिळलेला दिसला तर ती गर्दी नव्हे, ते बंधन. गर्दीचा आकडा हलत राहतो.

मग अर्धा जीबी दुपारच्या आत खाल्ला कोणी? भाच्यानं स्टॉलवरच्या यंत्रांचे व्हिडिओ काढले होते आणि फोन ते गुपचूप क्लाउडवर चढवत होता. तेवढं बंद केल्यावर वाटा संध्याकाळपर्यंत पुरायला लागला.

पण तक्रार संपली नाही. “वाटा शिल्लक असतानाही पानं उघडायला रेंगाळतात, मामा. माझ्याबरोबर एमआयडीसीतलेच एक व्हॉल्व्हवाले आहेत, त्यांचं पटकन उघडतं.” त्या गृहस्थांनी फ्रँकफुर्टच्या विमानतळावरच्या वाय-फायवरून ई-सिम घेतलं होतं. मी म्हटलं, दोघांचे फोन एका टेबलावर ठेवा आणि मी सांगतो तसं बघा.

इथं रोमिंगचं पोट उघडावं लागेल. तुमचं भारतीय सिम जर्मनीतल्या टॉवरला जोडलं जातं हे खरं, पण तिथून ते इंटरनेटवर सरळ बाहेर पडत नाही. जर्मन कंपनी तुमचा सगळा डेटा एका बंद वाटेनं तुमच्या भारतीय कंपनीच्या दारापर्यंत पोचवते. हिशेब ठेवणं, पॅकचा वाटा मोजणं, सरकारी नियम पाळणं, सगळं त्या दारावर होतं, आणि तिथून डेटा इंटरनेटवर जातो. म्हणजे बोईसर स्टेशनवर उतरून एमआयडीसीत जायचंय, आणि रिक्षावाला म्हणतो, आधी चर्चगेटला हजेरी लावून या. समजा भाच्यानं फ्रँकफुर्टच्याच एका पंपकंपनीचं पान उघडलं. त्याची मागणी फ्रँकफुर्टहून मुंबईला येते, मुंबईहून पुन्हा फ्रँकफुर्टला जाते, आणि उत्तरही त्याच वळशानं परत येतं.

काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. समुद्राखालच्या केबलचे वळसे धरून एका जाण्यायेण्याला सव्वाशे-दीडशे मिलिसेकंद लागतात. भाच्याला अशा दोन फेऱ्या पडत होत्या, म्हणून त्याच्या फोनवर पिंग ३०० च्या आसपास दिसत होता. सेकंदाचा तिसरा हिस्सा, ऐकायला काहीच नाही. पण एक पान उघडायच्या आधी फोन पत्ता विचारतो, हात मिळवतो, कुलपाच्या किल्ल्या ठरवतो आणि मग पान मागतो. अशा चार फेऱ्यांत पहिलं अक्षर दिसायच्या आत सव्वा सेकंद जातो. डाउनलोडचा वेग वीस एमबीपीएस असला तरी पान रेंगाळतं ते यामुळे.

वेगाच्या चाचणीत एक फसगत होते. भाच्याच्या चाचणीनं आपोआप मुंबईचा सर्व्हर निवडला, कारण इंटरनेटला तो मुंबईतच दिसत होता. त्यामुळे पहिल्यांदा पिंग १५० च आला. फ्रँकफुर्टचा सर्व्हर हातानं निवडला तेव्हा खरा वळसा उघडा पडला. चाचण्या फार करू नका, तेवढंही सांगतो. पन्नास एमबीपीएसच्या लाइनवर पंधरा सेकंदांची एक चाचणी नव्वदेक एमबी गिळते.

आता व्हॉल्व्हवाल्यांचा फोन. त्यांचा फ्रँकफुर्टचा पिंग होता ५५. माझा आयपी कोणता, हे सांगणारं पान उघडायला लावलं, तर त्यात देश आला पोलंड! जर्मनीचं म्हणून घेतलेलं ई-सिम मुळात पोलंडमधल्या कंपनीचं होतं आणि जर्मनीत तेही रोमिंगवरच चालत होतं. नाव तारापूर, मुक्काम बोईसर. प्रवाशांना विकली जाणारी बरीचशी ई-सिम अशीच असतात. डेटा रोमिंगचं बटण बंद केल्यावर नेट गेलं, तर समजावं की हे सिम त्या देशाचं नाही. पोलंड जर्मनीला लागून आहे म्हणून त्यांचं निभावलं. तेच सिम हाँगकाँगचं असतं तर त्यांचाही वळसा भाच्याइतका, कदाचित जास्तच झाला असता. तेव्हा ई-सिम म्हणजे स्थानिक सिम हे समीकरण चुकीचं आहे. चिप प्लास्टिकच्या तुकड्यावर आहे की फोनच्या आत बसवलेली आहे, याचा वेगाशी काही संबंध नाही. डेटा कोणत्या दारानं बाहेर पडतो, याचा आहे. खरं जर्मन प्रीपेड सिमही मिळतं, पण तिथं २०१७ पासून ओळख पटवल्याशिवाय ते चालू होत नाही; पाच दिवसांसाठी ती खटपट कोण करणार?

मग मी दोघांना बोईसरच्या ऑफिसातला सर्व्हर उघडायला सांगितला. भाचा १५०, व्हॉल्व्हवाले १८०. इथं भाचाच पुढे! त्याचं दार मुंबईतच असल्यामुळे घरच्या कामाला वळसा पडत नव्हता. शिवाय भारताबाहेरून उघडत नाहीत अशा काही सेवा त्याला बिनबोभाट मिळत होत्या, त्यांना नाही.

आणि दुपारी बाराला, प्रदर्शनाच्या हॉलमध्ये हजारो माणसं एकाच वेळी फोन काढून उभी असताना, दोघांचंही नेट सारखंच बसलं. त्यावर ई-सिमचा उपाय नाही. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हातानं निवडायचं आणि दुसऱ्या जर्मन कंपनीच्या टॉवरवर जाऊन बघायचं. आपल्या कंपनीचा तिच्याशी करार असेल तर फोन लागतो. नसेल तर नुसते आणीबाणीचे कॉल दिसतात, मग पुन्हा मूळ जागी यायचं.

माझं मत विचाराल तर सांगतो. चार-पाच दिवस जायचं, मेल आणि घरचे फोन एवढंच काम, तर रोमिंग पॅक पुरे. फायली, नकाशे, तिथल्याच लोकांशी व्हिडिओवर बोलणं असेल तर ई-सिम घ्या. पण दोन्हीकडे पैसे भरण्याआधी विचारा, की वाटा संपल्यावर वेग किती? काही ई-सिमवर तो एक एमबीपीएस असतो. त्या वेगानं पंपाचं ड्रॉइंग दीड-दोन मिनिटांत उतरलं असतं. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार खात्याची परवानगी लागते, आणि जानेवारी २०२४ मध्ये खात्यानं दोन परदेशी ई-सिम अ‍ॅप इथल्या अ‍ॅप स्टोअरमधून काढायला लावली होती. म्हणून इथून घ्यायचं तर परवाना असलेल्याकडूनच घ्या.

ई-सिम घेतलं तरी आपलं भारतीय सिम बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. रोमिंग चालू करून घ्या, त्या सिमचा डेटा तेवढा बंद ठेवा. ई-सिम अडलं की डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेणारी सोय फोनमध्ये असते, तीही बंद करा, नाहीतर परत आल्यावर बिल पाहून घाम फुटेल. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो धूसरच राहत असतील तर ई-सिमला दोष देण्याआधी अ‍ॅपची सेटिंग बघा. रोमिंगमध्ये फोटो आपोआप उतरवायचे की नाहीत, याचा तिथं वेगळा पर्याय आहे, आणि तो बहुधा बंदच असतो.

भाच्याच्या त्या वेळच्या फोनमध्ये ई-सिमची सोयच नव्हती, हे त्याला फ्रँकफुर्टमध्ये कळलं. पुढचं अकेमा जून २०२७ मध्ये आहे. गेल्या दिवाळीत त्यानं नवा फोन घेतला, तेव्हा पैसे देण्याआधी दुकानातच *#06# दाबून ई-सिमच्या ईआयडीचा बत्तीस आकडी क्रमांक दिसतोय ना, ते बघून घेतलं.