नफा कोणत्या खात्याचा?

उगार शुगर वर्क्सची नोंदणीकृत कचेरी सांगलीची. अशा कंपनीच्या अहवालात साखर, आसवनी, वीज यांचे नफे व भांडवल वेगवेगळे दिलेले असते. ते वाचायचे कसे? आकडे मानीव घेऊ.

समजा, साखरेत 100 कोटी गुंतले, नफा 5 कोटी. आसवनीत 20 कोटी, नफा 4 कोटी. म्हणजे शेकडा 5 आणि शेकडा 20. आसवनी सरस!

पण थांबा. आसवनीला मळी देते साखरखातेच, आणि तिचा भाव ठरवते कंपनी. त्या भावाने मळीची रक्कम 2 कोटींनी वाढली, तर साखरेचा नफा 7, आसवनीचा 2. एकूण 9 कोटी तेच; अंतर मात्र शेकडा 7 आणि 10 एवढेच उरते.

म्हणून अहवालाच्या टिपांत हा अंतर्गत भाव कशावर ठरला, ते आधी पाहा. शिवाय 31 मार्चला गोदामे साखरेने भरलेली असतात. त्या दिवशी साखरेचे भांडवल फुगलेले दिसते, हेही ध्यानात ठेवा.