कापड बाजारामागचा स्लॅब



नगर पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसलं, आणि आपल्यापैकी बरेच जण आजही त्या जुन्या पेठांत घरं पाडून नवी बांधतात. तिथल्या बोळात दहाचाकी ट्रक शिरत नाही. सकाळी बाजार उघडला की टेम्पोही शिरत नाही. म्हणून जुन्या गावात माल कधी आणायचा याचा हिशोब स्लॅबच्या दिवसापासून उलटा मोजावा लागतो. तो एकदा माझा चुकला होता. कापड बाजारामागचं ते काम आज तुमच्यासमोर ठेवतो.

स्लॅब होता पंधराशे चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा. बीम धरून २२ घनमीटर काँक्रीट, एकास दीड-तीन प्रमाणात. त्याला १८० गोणी सिमेंट, सव्वातीन ब्रास वाळू, साडेसहा ब्रास खडी आणि साधारण दोन टन लोखंड लागणार होतं.

लोखंड आधी आणलं, कारण फिटरला आठवडा हवा. पण जालन्याच्या मिलमधून निघालेली सळई बारा मीटरची असते आणि बोळाच्या वळणावर ती वळत नाही. म्हणून ट्रक केडगावच्या एका मोकळ्या प्लॉटवर रिकामा केला, कटिंग आणि रिंगा तिथेच केल्या, आणि बीमनिहाय बंडलं बांधून, चिठ्ठ्या लावून छोट्या टेम्पोने आत नेली. हे जमलं. चिठ्ठी नसलेलं बंडल बोळात सोडून शोधत बसायला तिथे जागा नसते.

सिमेंट आदल्या संध्याकाळी, बाजार ओसरल्यावर आणलं. दोन टनी टेम्पोच्या पाच खेपा झाल्या. खालच्या मजल्यावर फळ्या टाकून, भिंतीपासून फूटभर अंतर सोडून, दहापेक्षा उंच थप्पी न लावता गोण्या रचल्या. आधी आणलं असतं तर ओल लागली असती, आणि फिटरला उभं राहायलाही जागा उरली नसती.

खडी आणि वाळू सर्वांत शेवटी आली. मोठी गाडी वाहतूक परवान्यावरची वेळ संपायच्या आत प्लॉटवर रिकामी करायची, आणि तिथून एकेक ब्रासच्या छोट्या टिपरने पहाटे सहापर्यंत आत न्यायची, असं ठरलं होतं. त्याप्रमाणे सगळं वेळेत पोचलं. वाळू बरोबर सव्वातीन ब्रास मोजून घेतली होती. फक्त ती ओली होती.

दुपारी साडेतीनला मुकादम खाली आला. सिमेंट संपलं, वाळू संपली, आणि वरचा एक कोपरा रिकामा होता. सुमारे नऊ फूट बाय नऊ फूट. फर्मे मोजलेले, गोण्या मोजलेल्या, चोरी नाही, सांडलवंड नाही. मग एक घनमीटर काँक्रीट गेलं कुठे?

ते वाळूत गेलं होतं. थोडी ओल असली की कणांभोवतीचं पाणी त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं आणि वाळू फुगते. पाच टक्के ओलीला घनफळ पाव हिश्शाने वाढू शकतं. म्हणजे माझी सव्वातीन ब्रास प्रत्यक्षात दोन पूर्णांक सहा दशांश ब्रास होती. प्रत्येक फर्म्यात वाळू कमी पडत होती, त्यामुळे प्रत्येक मिक्सरमधून काँक्रीट थोडं थोडं कमी निघत होतं. दिवसभर कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटच्या कोपऱ्यात ते दिसलं.

मोकळ्या जागेवर असं झालं असतं तर अर्ध्या तासात माल आला असता. इथे साडेतीनला बाजार भरलेला. आठ गोण्या हमालांनी डोक्यावरून आणल्या, पण वाळू यायला सहा वाजले. तोवर उन्हात आधीच्या काँक्रीटची कड आवळली होती. आम्ही ती खरवडली, सिमेंटचं पाणी मारलं, काम पुरं केलं. पुढच्या पावसाळ्यात त्याच रेषेत ओल उतरली. घरमालकिणीने काही न बोलता मला ती रेष बोटाने दाखवली. ती दुरुस्ती मी माझ्या खर्चाने केली, आणि ते बोट मला अजून दिसतं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक साइटवर काचेची सरळ बाटली असते. ओली वाळू न दाबता वीस सेंटिमीटरपर्यंत भरायची, वर पाणी ओतायचं, काडीने ढवळायचं आणि बसू द्यायची. बसून सोळावर आली, तर चार भागिले सोळा, म्हणजे वाळू पंचवीस टक्के फुगलेली आहे. मग सव्वातीनऐवजी चार ब्रास मागवायची, आणि फर्माही त्याच हिशोबाने वाढवायचा. परीक्षा त्याच दिवशीच्या ढिगाची हवी, कारण रात्रीतून ओल बदलते. क्रश सँडही फुगते, तिला सूट नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. १० जून ते ३० सप्टेंबर नदीतला उपसा बंद असतो. त्या काळात साठ्यातली वाळू येते, आणि पावसात भिजून येते. तेव्हा बाटलीचा आकडा रोज वेगळा निघतो. अशा दिवसांत स्लॅब असेल तर अर्धा ब्रास वाळू आणि दहा गोण्या जादा आत ठेवाव्यात. अडचण होते, पण साडेतीनच्या बाजारातून माल आणण्यापेक्षा ती अडचण परवडते.

सभागृहाच्या मागच्या टेबलावर आज पहाटे साइटवरून आणलेली एक बादली वाळू आणि चार बाटल्या ठेवल्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझर मंडळींनी आधी अंदाज सांगावा आणि मग स्वतःच्या हाताने मोजून बघावं.