प्रातःस्मरण आणि सायंस्मरण : इस्लाममधील रक्षणवचने

इस्लामचे तिसरे खलीफा हजरत उस्मान यांचे पुत्र अबान हे मदीना शहरातील मोठे विद्वान गृहस्थ होते. खलीफा अब्दुल मलिक याच्या कारकीर्दीत काही वर्षे त्या शहराचा कारभारही त्यांजकडे होता. आपल्या वडिलांच्या मुखातून ऐकलेले पैगंबरांचे एक वचन ते लोकांस सांगत असत. जो मनुष्य एक विशिष्ट वाक्य संध्याकाळी तीन वेळा म्हणेल त्याच्यावर सकाळपर्यंत अकस्मात संकट कोसळणार नाही, आणि जो ते सकाळी तीन वेळा म्हणेल तो संध्याकाळपर्यंत तसाच सुरक्षित राहील, असे ते वचन आहे. परंतु अबान यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. एकदा हे वचन ऐकणारा एक मनुष्य त्यांच्या लुळ्या पडलेल्या अंगाकडे टक लावून पाहू लागला. त्याच्या मनातील प्रश्न त्याने बोलून दाखविला नाही; पण अबान यांनी तो ओळखला.

त्यांनी दिलेले उत्तर पुढे पाहावयाचे आहे. तत्पूर्वी ते वाक्य कोणते, त्याचा अर्थ काय आणि ते केव्हा म्हणावयाचे, हे समजून घेतले पाहिजे.

दख्खनच्या मुसलमान घरांतून ते ज्या उच्चाराने ऐकू येते त्याप्रमाणे ते असे : बिस्मिल्लाहिल्लजी ला यजुर्रु मअस्मिही शैउन् फिल् अर्जि व ला फिस्समाइ, व हुवस्समीउल् अलीम. याचा अर्थ असा की, ज्याच्या नामासमवेत असता पृथ्वीवरील वा आकाशातील कोणतीही वस्तू अपाय करू शकत नाही, त्या अल्लाहच्या नामाने. आणि तो सर्व ऐकणारा, सर्व जाणणारा आहे.

या वाक्यात मागणे असे कोठेच नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘माझे रक्षण कर’ असे म्हणणारा म्हणत नाही. तो एक नाम घेतो आणि त्या नामाविषयी एक विधान करतो. ‘मअस्मिही’, म्हणजे ‘त्याच्या नामासमवेत’, हा सबंध वाक्याचा कणा होय. पृथ्वी आणि आकाश ही दोन नावे घेतली की विंचू-सर्पापासून विजेपर्यंत सारे काही त्यांत सामावते. अखेरीस ‘समीअ’ आणि ‘अलीम’ ही ईश्वराची दोन विशेषणे येतात. उच्चारलेला शब्द तो ऐकतो आणि न उच्चारलेले भयही तो जाणतो, असा त्यांचा येथे रोख आहे.

उच्चारात मुख्य चूक होते ती ‘ला’ या शब्दात. हा ‘ला’ दीर्घच हवा, कारण तो नकाराचा आहे. घाईघाईने तो ऱ्हस्व केला, तर अरबी भाषेत क्रियापदामागे येणारा ऱ्हस्व ‘ल’ निश्चय दाखवितो, आणि ‘अपाय करीत नाही’ याच्या जागी ‘खचितच अपाय करतो’ असा उलटा अर्थ कानी पडू लागतो. दुसरी अडचण ‘ज’ या अक्षराची. आपल्याकडे ‘अल्लजी’मधील ‘ज’ आणि ‘यजुर्रु’, ‘अर्जि’ या शब्दांतील ‘ज’ सारखेच ऐकू येतात. अरबीत मात्र ती दोन वेगळी अक्षरे आहेत. पहिले अक्षर जिभेचे टोक दातांच्या मध्ये आणून उच्चारतात. दुसरे जिभेची कड वरच्या दाढांना लावून, जड ‘द’सारखे उच्चारतात. म्हणून अरब मनुष्याच्या तोंडी ते शब्द ‘यदुर्रु’ आणि ‘अर्दि’ असे ऐकू येतात. देवनागरीवरून हा फरक कळणे कठीण. मुले तो शिकतात ती उस्तादासमोर बसून, त्याच्या तोंडाकडे पाहूनच.

आता वेळेचा विचार. वचनात ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ एवढेच शब्द आहेत. कुराणात सूर्य उगवण्यापूर्वी आणि मावळण्यापूर्वी परमेश्वराचे स्तवन करण्याची आज्ञा आहे. तिच्या आधारे चौदाव्या शतकातील दमास्कसचे पंडित इब्न अल्-कय्यिम यांनी सकाळचे स्मरण पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत आणि संध्याकाळचे असरच्या वेळेपासून सूर्यास्तापर्यंत, अशी मांडणी केली. पहाट याचा अर्थ येथे पूर्व क्षितिजावर आडवा पसरणारा उजेड. त्याच्या अगोदर आकाशात उभा चढणारा फिकट प्रकाश दिसतो, ती खोटी पहाट. तिच्यावर सकाळ मोजीत नाहीत.

उदाहरणादाखल मार्चच्या 21 तारखेचे हैदराबाद घ्यावे. त्या दिवशी तेथे पहाट सुमारे 5 वाजून 10 मिनिटांनी फुटते आणि सूर्य सुमारे 6 वाजून 20 मिनिटांनी उगवतो. या सत्तर मिनिटांत फज्रची नमाज होते, आणि ती आटोपली की बहुतेक लोक बसल्या जागी हे वाक्य तीन वेळा म्हणतात. त्याला एक मिनिटही पुरते. संध्याकाळी सूर्य सुमारे साडेसहाला मावळतो. परंतु असरची वेळ केव्हा सुरू होते याविषयी दोन पंथांत भेद आहे. शाफई पंथात वस्तूची सावली, मध्यान्हीची सावली वजा जाता, वस्तूच्या उंचीइतकी झाली की असर लागते. त्या दिवशी हैदराबादेत ती वेळ पावणेचारच्या सुमारास येते. हनफी पंथात सावली दुप्पट व्हावी लागते, म्हणून तीच वेळ पावणेपाचवर जाते. कोंकणी मुसलमान शाफई आणि दख्खनमधील बहुसंख्य हनफी असल्यामुळे शेजारच्या दोन घरांत सायंस्मरणाचा आरंभ तासाभराच्या अंतराने होऊ शकतो. मर्यादेची अखेर मात्र दोघांचीही एकच, सूर्यास्त.

काही पंडित सायंकाळ याहून पुढे नेतात आणि मगरीबच्या नमाजीनंतर म्हटले तरी चालते असे मानतात. ज्याची वेळ विसरण्याने टळली त्याने आठवण होताच म्हणावे, असेही पुष्कळांनी सांगितले आहे. सकाळचा शब्द संध्याकाळपर्यंत आणि संध्याकाळचा सकाळपर्यंत, अशी ही जोडणी असल्यामुळे एक टोक सुटले तर तितका काळ मोकळा राहतो, हे त्यांना जाणवत होते.

संध्याकाळसाठी आणखी एक लहान वचन सांगितले आहे. एक मनुष्य पैगंबरांकडे आला आणि काल रात्री विंचवाने डंख केल्यामुळे आपण किती तळमळलो हे सांगू लागला. तेव्हा पैगंबर म्हणाले की, संध्याकाळ होताच तू अमुक शब्द म्हटले असतेस तर त्याने तुला अपाय केला नसता. ते शब्द असे : अऊजु बिकलिमातिल्लाहित्ताम्माति मिन् शर्रि मा खलक. म्हणजे, त्याने जे जे निर्माण केले त्यातील अनिष्टापासून मी अल्लाहच्या परिपूर्ण वचनांचा आश्रय घेतो. येथे विंचवाचे नाव नाही, त्याला शापही नाही. तोही निर्मितीतलाच एक जीव. आश्रय मागितला आहे तो त्याच्या ठायी असलेल्या अनिष्टापासून. ही हकीकत सांगणाऱ्या परंपरेतील सुहैल नावाच्या गृहस्थाच्या घरी सर्वजण हे शब्द शिकून रोज रात्री म्हणत असत. पुढे त्या घरातील एका मुलीला विंचू चावला, पण तिला वेदना झाल्या नाहीत, असे त्याने सांगितल्याची नोंद तिर्मिझी यांच्या संग्रहात आहे. डंख चुकला नाही, तो बाधला नाही, असे तो सांगतो. त्या घराने वचनाचा अर्थ कसा घेतला होता, ते यावरून कळते.

तिसरी गोष्ट एका अंधाऱ्या, पावसाळी रात्रीची आहे. अब्दुल्लाह इब्न खुबैब आणि त्यांचे सोबती पैगंबरांना शोधीत निघाले, ते नमाज पढवावी म्हणून. भेट होताच पैगंबर म्हणाले, ‘बोल.’ काय बोलावे हे अब्दुल्लाह यांना कळेना. पुन्हा तोच शब्द, पुन्हा मौन. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, कुराणाचे अखेरचे तीन लहान अध्याय, इखलास, फलक आणि नास, सकाळ-संध्याकाळ तीन-तीन वेळा म्हण. ते तुला सर्व बाबतीत पुरे होतील. यांतील पहिला ईश्वराचे एकत्व सांगतो, दुसरा काळोख, जादूटोणा आणि मत्सर अशा बाहेरच्या भयांपासून आश्रय मागतो, आणि तिसरा मनात कुजबुजणाऱ्या दुष्ट प्रेरणेपासून. ज्यांना लांब पाठांतर जमत नाही अशी वृद्ध माणसे बहुधा एवढेच म्हणतात.

आता अबान यांचे उत्तर. ते त्या मनुष्याला म्हणाले की, मी उस्मान यांच्या नावे खोटे सांगितलेले नाही, आणि उस्मान यांनी पैगंबरांच्या नावे खोटे सांगितलेले नाही. परंतु ज्या दिवशी हा झटका आला त्या दिवशी मी रागावलो होतो आणि ते शब्द म्हणावयास विसरलो. अबू दाऊद यांच्या संग्रहात हे उत्तर असे आहे. तिर्मिझी यांच्या संग्रहात रागाचा उल्लेख नाही. तेथे ते म्हणतात की, वचन मी सांगितले तसेच आहे, पण त्या दिवशी ते माझ्याकडून म्हटले गेले नाही, यासाठी की ईश्वराने आपला संकल्प माझ्यावर पार पाडावा.

दोन्ही उत्तरांत अबान यांनी वचनावर दोष ठेवलेला नाही, आणि आपल्या लुळ्या अंगाकडे पाहणाऱ्यावर ते संतापलेही नाहीत. पहिले उत्तर मनुष्याच्या बाजूचे आहे : रागाने मन भरले की जिभेवर असलेला शब्दही नाहीसा होतो. दुसरे ईश्वराच्या बाजूचे आहे : स्मरण होणे हेदेखील त्याच्याच देण्यात मोडते. मंत्र उच्चारला म्हणजे फळ आलेच पाहिजे, अशी समजूत यांत बसत नाही. म्हणूनच पंडितांनी या वचनांना प्रार्थना म्हटले आहे, आणि ती कागदावर लिहून ताईतात बांधल्याने म्हणण्याचे काम होत नाही, असे पुष्कळांनी बजावले आहे.

शब्दाने कृतीची जागा घ्यावी, असेही ही परंपरा सांगत नाही. आजार आला तर औषधोपचार करा, असा पैगंबरांचा स्पष्ट उपदेश आहे. जाबिर यांनी सांगितलेल्या एका वचनात सायंकाळचा नेम असा दिला आहे : रात्र पडू लागली की मुलांना बाहेर जाऊ देऊ नका, अल्लाहचे नाव घेऊन दारे लावा, अल्लाहचे नाव घेऊन पखालीचे तोंड बांधा, अल्लाहचे नाव घेऊन भांडी झाका, निदान वर एखादी वस्तू आडवी ठेवा, आणि दिवे मालवा. यांतील पुष्कळ वाक्यांत नाम आहे, आणि प्रत्येक वाक्यात हाताला करावयाचे कामही आहे.